पान्हा, प्रेम आणि एक इंजेक्शन

गेल्या पावसाळ्यात माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी आली होती. कळा लांबल्या, सलाईनमधून कळांचं औषध चढवलं आणि शेवटी सिझेरियन करावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी सांगलीहून एसटीने पोहोचले तेव्हा पाचवा दिवस होता. खोलीत धुरी दिलेली, आपा स्वयंपाकघरात हरीरा ढवळत होती, बाळ पाळण्यात झोपलेलं. भाची मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी शेजारी बसले तशी ती हळूच म्हणाली, "खाला, मेरेकू कुछ लगताच नै."

मला वाटलं टाक्यांबद्दल बोलतेय. तसं नव्हतं. बाळाला पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा मनात काहीच उमटलं नाही, परक्याचं मूल घेतल्यासारखं वाटलं, असं ती सांगत होती. मग तिने मोबाईल पुढे केला. नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी मजकूर टाकला होता. नैसर्गिक प्रसूतीत आईच्या शरीरात 'लव्ह हार्मोन' म्हणजे ऑक्सिटोसिनची लाट येते आणि त्यातूनच ममता जन्मते, सिझेरियनमध्ये ही लाट येत नाही, म्हणून आजकालच्या मुलांना आईचा लळा लागत नाही. खाली हृदयाची चित्रं. तिने हे पहाटे तीन वाजता, बाळाला पाजताना वाचलं होतं. "माझ्यात ते तयारच झालं नाही ना?" तिने विचारलं.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वर्गात याच संप्रेरकावर बोलताना मीही 'प्रेमाचं संप्रेरक' असं म्हणून पोरांना हसवलेलं आहे. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली. भाचीला तिथल्या तिथे जे सांगता आलं ते सांगितलं. पण परतीच्या एसटीत, कराड मागे पडताना, मला अब्बांची म्हैस आठवली आणि नीट उत्तर तिथूनच द्यायला हवं होतं असं वाटलं.

माझं माहेरचं गाव कराडजवळ. अब्बा दोन म्हशी ठेवायचे, दूध गावातल्या डेअरीवर घालायचे. त्यातली एक फार मानी. अब्बा आधी रेडकू सोडायचे, ते कासेला ढुसण्या द्यायचं, चार घोट प्यायचं. मग त्याला ओढून म्हशीच्या तोंडाशी बांधायचे. म्हैस त्याला चाटत राहायची आणि दोनतीन मिनिटांत सड टरारून यायचे. "पान्हवली," अब्बा म्हणायचे आणि धार सुरू व्हायची. एकदा अब्बा तापाने पडले. चाचा धार काढायला बसले तर म्हशीने पान्हा चोरला. आंबोण ठेवलं, रेडकू लावलं, काही नाही. शेवटी अम्मीने अब्बांचा शेणाचा वास मारणारा जुना सदरा चाचांच्या अंगावर चढवला. तेव्हा कुठे अर्धी बादली मिळाली.

या सगळ्या प्रकारात ऑक्सिटोसिन नेमकं काय करत होतं ते पाहू. रेडकू सडाला तोंड लावतं, तो स्पर्श मज्जातंतूंतून मेंदूच्या तळाशी पोहोचतो. तिथे तयार झालेलं आणि पिट्यूटरी ग्रंथीत साठवलेलं ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं. ते कासेपर्यंत येतं आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशींना आवळायला लावतं. पिशव्या पिळल्या जातात आणि दूध खाली उतरतं. म्हशीच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं असतं. गाईच्या कासेत थोडं दूध आधीच खालच्या पोकळीत उतरलेलं असतं, म्हशीचं जवळजवळ सगळं वरच्या पिशव्यांत अडकलेलं असतं. त्यामुळे पान्हा फुटला नाही तर बादली कोरडी. म्हणजे दूध तयार करणं हे ऑक्सिटोसिनचं काम नव्हे. तयार झालेलं दूध सोडणं हे त्याचं काम.

मग चाचांच्या हाताखाली म्हैस का अडली? अमेरिकेत 1941 साली ईली आणि पीटरसन या दोघांनी गाईंवर याचा शोध घेतला. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. पुढे मांजराची गरज नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पिशव्यांचा आवाज पुरला. घाबरलेल्या गाईने दूध रोखलं. भीतीच्या वेळी सुटणारं ॲड्रेनालिन पान्ह्याच्या आड येतं, हे त्यांनी दाखवलं. अनोळखी माणूस, नवी जागा यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटणंही अडतं. आपल्याकडच्या गवळ्यांना यातलं रसायन माहीत नव्हतं, पण शब्द होता. 'पान्हा चोरणे' या दोन शब्दांत हे सगळं शास्त्र आहे.

मराठीची एक गंमत इथेच आहे. आपण पान्हा हा शब्द दुधासाठी वापरतो आणि मायेसाठीही. 'लेकराला पाहून तिला पान्हा फुटला' म्हणताना आपल्याला दोन्ही अर्थ हवे असतात. पण दूध उतरणं ही एक घटना आणि माया वाटणं ही दुसरी. दोन्ही एका वेळी घडू शकतात, म्हणून त्या एक होत नाहीत.

हे सर्वांत उघडपणे कळतं ते गोठ्यातल्या इंजेक्शनवरून. रेडकू मेलं किंवा विकलं की म्हैस अडते. पूर्वी लोक मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायचे. मग बाजारात बिनलेबलची छोटी बाटली आली. सांगलीकडच्या एका गोठ्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मानेत सुई टोचली, दोन मिनिटं गेली आणि म्हैस कुणाकडे न बघता, डोळे ताणून उभी राहिली. कासेतून दूध मात्र धो धो आलं. ते ऑक्सिटोसिनच होतं, अगदी तेच नऊ अमिनो आम्लांचं साखळीदार रसायन, ज्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनवल्याबद्दल विन्सेंट दु विन्यो यांना 1955 चं नोबेल मिळालं. पान्हा पुरेपूर फुटला होता, पण त्या गोठ्यात प्रेम नावाची गोष्ट औषधालाही नव्हती.

गाईंवरच्या अभ्यासात असंही आढळलं आहे की रोज बाहेरून मोठी मात्रा दिली की कास तिला सरावते. मग स्वतःच्या मेंदूतून सुटणारी छोटी मात्रा तिला पुरत नाही. गवळी म्हणतो, "आता सुईशिवाय देतच नाही."

या गैरवापराला आळा घालायचा म्हणून केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली. फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीने ते बनवायचं होतं. पण हेच औषध प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवतं. बाळ बाहेर येताच आईला दिलेली दहा युनिटची सुई गर्भाशय आवळते आणि जीव वाचवते. औषध फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जोर ओसरतो. एकाच कारखान्यावर साऱ्या देशाच्या बाळंतिणी सोपवणं धोक्याचं आहे, असं म्हणून औषध कंपन्या आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2018 रोजी ती बंदी रद्द केली. माझ्या भाचीच्या सलाईनमध्येही तेच औषध होतं. म्हणजे तिच्या रक्तात ऑक्सिटोसिन कमी पडलं, हा त्या फॉरवर्डचा दावा पहिल्याच पायरीवर घसरतो. उलट, नळीतून हवं तेवढं चाललं होतं.

पण मग कुणी विचारेल, नळीतून एवढं गेलं तर प्रेमाचा पूर का आला नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी आहे. रक्तातलं ऑक्सिटोसिन तिच्यातून फारच थोडं आत शिरतं. गर्भाशय आणि स्तन रक्तातल्या ऑक्सिटोसिनवर चालतात. मेंदू आपल्यापुरतं वेगळं, आतल्या आत सोडतो. त्यामुळे रक्तात किती आहे यावरून मेंदूत काय चाललंय ते सांगता येत नाही.

मग 'लव्ह हार्मोन' हे नाव रूढ कसं झालं? त्याला अनेक कारणं आहेत, पण सर्वांत मोठा हातभार लागला तो झुरिकमधल्या एका प्रयोगाचा. तो 2005 मध्ये 'नेचर' या नामांकित नियतकालिकात छापून आला. प्रयोग असा होता. दोन अनोळखी तरुण, प्रत्येकाला 12 गुण, शेवटी त्या गुणांचे पैसे मिळणार. पहिल्याने दुसऱ्याला काही द्यायचं, शून्य, चार, आठ किंवा सगळे बारा. दिलेले गुण तिप्पट होऊन पोहोचतात. म्हणजे बारा दिले तर समोरच्याकडे एकूण 48 होतात. तो त्यातले काही परत करेल की सगळे खिशात घालेल, हे त्याच्या मर्जीवर. जितके जास्त दिले तितका विश्वास जास्त, असं मोजायचं. अर्ध्यांच्या नाकात ऑक्सिटोसिनचे 24 युनिट फवारले, अर्ध्यांच्या नाकात नुसता द्रव.

फवारा मिळालेल्यांपैकी 45 टक्क्यांनी सगळे बारा देऊन टाकले. दुसऱ्या गटात 21 टक्क्यांनी. दुपटीहून जास्त! बातम्या झाल्या, पुस्तकं निघाली. लेखकांपैकी पॉल झॅक यांनी तर पुढे रोज आठ मिठ्या मारा असा सल्लाही दिला. आपल्या ग्रुपवर फिरणाऱ्या 'जादू की झप्पी'छाप मजकुरांचं मूळ शोधत गेलं तर तिथवर पोहोचता येतं.

आता टक्के बाजूला ठेवून माणसं मोजा. विश्वास टाकणाऱ्या दोन्ही गटांत 29-29 तरुण होते. 45 टक्के म्हणजे 13 जण, 21 टक्के म्हणजे 6 जण. फरक सात जणांचा. वर्गात मी पोरांना सांगते, दोन तुकड्यांतून 29-29 मुलं घ्या, कुणालाही काही देऊ नका, तरी एखाद्या गोष्टीत पाचसात जणांचा फरक कधीतरी सहज निघेल. त्या प्रयोगातही हा फरक केवळ योगायोग नाही असं म्हणण्याची रेषा कशीबशीच ओलांडली गेली होती. संशोधकांनी खोटेपणा केला, असं कुणी म्हणत नाही. एवढ्या लहान मापाने एवढी मोठी गोष्ट मोजता येत नाही, इतकंच. आणि ज्याच्याकडे गुण आले त्याने किती परत केले, त्यात फवाऱ्याने काहीच फरक पडला नव्हता. ही गोष्ट त्याच निबंधात आहे, पण फॉरवर्डमध्ये ती नसते.

पुढे काय झालं? इतरांनी प्रयोग करून पाहिले, कुणाला जमला, बऱ्याच जणांना नाही. बेल्जियममधल्या एका प्रयोगशाळेने तर प्रामाणिकपणे आपली कपाटं उघडली. आमचे यशस्वी प्रयोग छापून आले आणि फसलेले बहुतेक कपाटात राहिले, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मग 2020 मध्ये याच खेळाची मोठी आवृत्ती झाली, 677 जणांवर. काय मोजणार, कसं मोजणार हे आधीच लिहून नोंदवलेलं, म्हणजे नंतर सोयीचं निवडायला वाव नाही. फवाऱ्याने विश्वास वाढला नाही. एका लहान गटात पुसटसं काही दिसल्यासारखं झालं, पण तेही पक्कं मानायला त्यांनी नकार दिला.

या गोष्टीतला एक तुकडा मला वैयक्तिकरीत्या टोचणारा आहे, म्हणून सांगते. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या काही संशोधकांनी डच तरुणांच्या नाकात हाच फवारा मारून त्यांना पेच घातले. एकाचा बळी दिला तर पाच वाचतात, द्याल का? त्या एकाचं नाव कधी डच, कधी अरबी, कधी जर्मन. फवारा घेतलेले तरुण डच नावाच्या माणसाचा बळी द्यायला जास्त कचरले, परक्या नावांना मात्र ही सवलत मिळाली नाही. तेव्हा मी हा निबंध वाचला आणि मनात म्हटलं, बघा! प्रेमाचं संप्रेरक म्हणे, हे तर 'आपल्यांपुरतं' प्रेम निघालं. भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे ज्याने पाहिलंय त्याला असा निष्कर्ष लगेच पटतो. मी तो चारचौघांत बरीच वर्षं सांगत आले.

मग एक दिवस लक्षात आलं की झुरिकच्या प्रयोगाला मी जी पट्टी लावते ती इथे लावलीच नव्हती. इथेही गट लहान, इथेही तोच नाकातला फवारा, ज्याचा अगदी नगण्य अंश मेंदूत पोहोचतो. आकडे मांडण्याच्या पद्धतीवर आक्षेपही आलेले. मला तो प्रयोग पटला होता कारण तो माझ्या अनुभवाच्या बाजूने बोलत होता. 'प्रेमाचं संप्रेरक' हे जितकं उथळ, तितकंच 'भेदभावाचं संप्रेरक' हेही उथळ. घर नाकारणाऱ्याला त्याच्या पिट्यूटरीची सबब मी का पुरवावी?

मग ऑक्सिटोसिनचा नात्यांशी काहीच संबंध नाही का? असंही नाही. 1996 मध्ये शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात ऑक्सिटोसिनचं जनुकच नव्हतं. फॉरवर्ड खरा असता तर या माद्या बाळंत होऊ नयेत आणि झाल्या तरी त्यांनी पिलांकडे पाठ फिरवावी. त्या व्यवस्थित व्यायल्या. पिलांना चाटलं, गोळा केलं, अंगाखाली घेतलं. पिलं सडांना लोंबली. पण पोटात दूध उतरेना आणि ती मरू लागली. आईला ऑक्सिटोसिन टोचलं तेव्हा दूध आलं आणि पिलं जगली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. माया सगळी जागच्या जागी होती, पान्हा तेवढा नव्हता. पुढे याच जातीच्या उंदरांत एक उणीव आढळली. आधी भेटलेला उंदीर पुन्हा समोर आला तर त्यांना ओळखू येत नव्हता. म्हणजे मेंदूत ऑक्सिटोसिनला काम आहे, कदाचित समोर कोण आहे याची नोंद ठळक करण्याचं. ओळख ही प्रेमाची एक पायरी आहे, प्रेम नव्हे.

दुसरा पुरावा अमेरिकेतल्या प्रेअरी व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याचा. हा जोडीने राहतो, एकाच जोडीदाराशी. 1990च्या दशकात दिसलं की त्याच्या मेंदूत ऑक्सिटोसिन अडवणारं औषध सोडलं तर मादीची जोडी जमत नाही. 'लव्ह हार्मोन'च्या गोष्टीचा हा दुसरा खांब. 2023 मध्ये काही शास्त्रज्ञांनी असे व्होल तयार केले ज्यांच्या पेशींवर ऑक्सिटोसिन ओळखणारं कुलूपच जन्मापासून नव्हतं. किल्ली असून उपयोग नाही. तरीही त्यांनी जोड्या जमवल्या, जोडीदाराजवळच बसले, पिलं वाढवली. दूध पाजण्यात मात्र कमतरता राहिली. मोठेपणी अचानक औषधाने वाट अडवली तर जोडी जमत नाही आणि जन्मापासूनच ती वाट नसेल तर मेंदू दुसरी काढतो, असा याचा एक अर्थ लावता येतो. इतकी गरजेची गोष्ट निसर्गाने एकाच रसायनाच्या भरवशावर टाकलेली दिसत नाही.

आता भाचीकडे परत येते. तिला मी पुढच्या आठवड्यात फोन केला आणि 1980 सालच्या लंडनमधल्या एका पाहणीबद्दल सांगितलं. पहिलटकरणींना विचारलं होतं, बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं? सुमारे 40 टक्के जणींनी सांगितलं की विशेष काही वाटलं नाही. शंभरातल्या चाळीस. कळा फार दुखऱ्या गेलेल्यांत हे प्रमाण अधिक होतं. आणि बहुतेकींच्या मनात आठवडाभरात माया दाटून आली. "तुझ्यात काही बिघडलं नाही," मी म्हटलं, "तू थकली होतीस."

सोबत हेही सांगितलं की उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, झोप-भूक उडाली, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भलते विचार आले, तर लगेच डॉक्टर गाठायचा. तो आजार असतो, त्यावर उपचार आहेत, आणि तो काही प्रेमाच्या कमतरतेचा आजार नव्हे. तिला तशी वेळ आली नाही.

चाळीस दिवस झाल्यावर मी पुन्हा साताऱ्याला गेले. आपाने बिर्याणीचा घाट घातला होता. बाळ शेजारच्या बाईकडे होतं. ते किंचित रडलं, आणि स्वयंपाकघरातून भाची हात पुसत बाहेर आली. "भुकेचं नाही हे रडणं," ती म्हणाली, "त्याला झोप आलीय." आणि उचलून खांद्यावर घेतलं. चाळीस दिवसांत तिने त्याच्या रडण्याचे प्रकार शिकून घेतले होते. सव्वाशे वेळा उठली असेल, शेकडो लंगोट बदलले असतील. त्यातून जे तयार झालं त्याला नऊ अमिनो आम्लांचं नाव द्यायला माझी जीभ धजत नाही.

अब्बांच्या म्हशीलाही सदऱ्याचा वास ओळखीचा व्हायला काही वर्षं लागली होती.

वर्गात मी आता ऑक्सिटोसिन शिकवताना फळ्यावर आधी एकच शब्द लिहिते, पान्हा. ज्या पोरांच्या घरी म्हैस आहे त्यांना बाकीचं निम्मं आधीच येत असतं.